तापाच्या पेशंटला फोनवर आधी काय विचारायचं, नंतर काय

प्रश्न: आमच्या संस्थेची फोनवरून वैद्यकीय सल्ल्याची सेवा आहे. सिस्टर आधी फोनवर प्रश्न विचारतात, मग डॉक्टरांना जोडून देतात. तापाच्या पेशंटसाठीचा इंग्रजी प्रश्नसंच मी मराठीत केला, पण लोक मध्येच वैतागतात, उलटसुलट उत्तरं देतात. प्रश्नांचा क्रम बदलला तर चालेल का? पेशंट बहुतेक कोकणातले, शेतीवाडीवाले आहेत.

उत्तर:

चालेल, बदलाच. फक्त डॉक्टरांच्या स्क्रीनवर जो फॉर्म उघडतो त्याला हात लावू नका. विचारायचा क्रम वेगळा आणि लिहायचा क्रम वेगळा. तुमच्याकडे आलेल्या संचात हे दोन्ही एकच धरलेत आणि गडबड तिथूनच सुरू होते. डॉक्टरला मुख्य तक्रार, जुने आजार, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, मग श्वसन, पोट, लघवी अशा गटांनी लक्षणं हवी असतात, कारण तो तशीच वाचायला शिकलेला असतो. दुखणं अंगावर असलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र ते दिवसवार असतं. परवा अंग मोडून आलं, रात्री हुडहुडी भरली, काल दुकानातून गोळी आणली, आज उभं राहवत नाही. त्याला मध्येच ‘घरात कुणाला मधुमेह आहे का?’ विचारलं की तो बिचकतो. आपण तापाचं सांगतोय आणि ही बाई भलतंच विचारते, असं त्याला वाटतं.

म्हणून एक साधा तक्ता करा. पहिल्या रकान्यात मूळ इंग्रजी प्रश्नाचा क्रमांक, दुसऱ्यात पेशंट स्वतः बोलत असेल तर विचारायचा मराठी प्रश्न, तिसऱ्यात नातेवाईक बोलत असेल तर विचारायचा, चौथ्यात उत्तर कसं नोंदवायचं ते. मराठी प्रश्न कितीही खालीवर झाले तरी मूळ क्रमांक चिकटलेला राहतो, त्यामुळे उत्तर फॉर्मच्या योग्य जागी जातं. एका इंग्रजी प्रश्नाचे मराठीत तीन प्रश्न होतील, कधी दोघांचा एक होईल, ते चालतं. कुठलाही प्रश्न गाळणं किंवा ‘किती झालं की डॉक्टरला लगेच जोडायचं’ ही मर्यादा हलवणं मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नका. ते आपलं काम नाही.

नातेवाइकासाठी वेगळा रकाना ही चैन नाही. गावातून येणारे कितीतरी फोन सून सासूसाठी, मुलगा वडिलांसाठी करतो. सिस्टर ‘तुम्हाला धाप लागते का?’ विचारते, सून ‘नाही’ म्हणते आणि सासूच्या नावापुढे ‘नाही’ पडतं. पहिलाच प्रश्न ‘दुखणं कुणाला आहे? ते जवळ आहेत का?’ असा ठेवा आणि पेशंटला फोनवर घेता आलं तर घ्या. एक सोयही लक्षात असू द्या. ‘तुम्ही कधी झोपलात, काय खाल्लंत, शेतात गेला होतात का’ अशी वाक्यं बाईला आणि पुरुषाला सारखीच लागू पडतात, त्यामुळे ‘गेला/गेली होता/होती’ असल्या तिरक्या रेघा कागदावर येतच नाहीत. वाचताना सिस्टर त्याच रेघांवर अडखळते.

सुरुवात

दुखणं कुणाला आहे ते कळलं की मग तीन गोष्टी पुरतात: नाव आणि वय, आत्ता कुठल्या गावात कुठल्या वाडीत आहात, आणि फोन तुटला तर याच नंबरवर परत लावायचा का. वाडी आधी विचारायचं कारण उघड आहे. १०८ ची गाडी पाठवायची वेळ आली आणि तोवर फोन तुटला तर शोधणार कुठे? आभा क्रमांक, शिक्षण, व्यवसाय, रेशनकार्डाचा रंग ही भरती शेवटी न्या. सुरुवातीलाच ही चौकशी लागली की कसल्या तरी योजनेचा फॉर्म भरून घेतायत असं लोकांना वाटतं आणि उत्तरं मोजूनमापून येऊ लागतात.

संमतीचं वाक्य बहुतेक संचांत सरकारी मराठीत असतं. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार पेशंटने स्वतः फोन केला असेल तर संमती गृहीत धरली जाते. आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा काळजी घेणाऱ्याने सल्लामसलत सुरू केली असेल, तर पेशंटची स्पष्ट संमती घेऊन तिची नोंद ठेवावी लागते. म्हणजे सिस्टरने स्वतःहून केलेल्या फोनला हे वाक्य लागणारच. ‘सदर दूरस्थ वैद्यकीय सल्लामसलतीस आपली संमती आहे काय?’ याला लोक ‘हो’ म्हणतात आणि कशाला हो म्हटलं ते त्यांना ठाऊक नसतं. मी असं लिहिते: ‘डॉक्टर तुम्हाला हात लावून तपासू शकणार नाहीत, फोनवर ऐकून सांगतील. गरज वाटली तर दवाखान्यात यायला सांगतील. असं चालेल का तुम्हाला? चालत असेल तर हो, चालेल, असं म्हणा.’ लांबलं आहे, पण नोंदीत पेशंटच्या तोंडचं ‘हो, चालेल’ येतं.

आधी त्यांना बोलू द्या, मग धोक्याचे प्रश्न

इथे डॉक्टर मंडळींशी माझा नेहमी वाद होतो. धोक्याची लक्षणं सगळ्यात आधी विचारा, असं त्यांचं म्हणणं. तत्त्वतः ते बरोबरच आहे. पण नाव-गाव झाल्याबरोबर ‘तोंडातून, नाकातून रक्त येतंय का? शुद्ध हरपली का?’ असा मारा सुरू केला की माणूस घाबरतो, किंवा मनातलं सांगायच्या घाईत सगळ्याला ‘नाही, नाही’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे मध्ये एकच मोकळा प्रश्न ठेवा, ‘काय होतंय ते सांगा’, आणि मिनिटभर सिस्टरने मध्ये बोलायचं नाही. संचात तसं लिहाच: ‘इथे थांबा, ऐका.’ त्या मिनिटात निम्मी उत्तरं आपोआप येतात आणि बोलणाऱ्याला धाप लागतेय का, वाक्य पुरं होतंय का, तेही कानाला कळतं. बोलताना दम लागत असेल किंवा पेशंट नीट जागा नसेल तर हा प्रश्नही सोडून थेट डॉक्टरला जोडायचं.

मिनिट झालं की धोक्याचे प्रश्न. तापासाठी माझे पाच आहेत आणि ते याच क्रमाने येतात:

‘उठून बसता येतं का? घरातल्यांना ओळखतात का, की बरळतात, सारखे झोपेतच असतात?’

‘श्वास घ्यायला त्रास होतोय का? नुसतं बसलं तरी धाप लागते का?’

‘पोटात प्यायलेलं पाणी टिकतं का, की लगेच उलटी होते? आज किती वेळा झाली?’

‘शेवटची लघवी कधी झाली? नेहमीएवढी झाली की थोडीशीच?’

‘कुठून रक्त आलंय का? हिरड्यांतून, नाकातून? संडास डांबरासारखी काळी झाली का?’

हा क्रम सहज सांगता येण्याकडून अवघडाकडे जातो. उठबस आणि श्वास यांवर कुणीही बिनसंकोच बोलतो. लघवीचा प्रश्न मूळ संचात मूत्रमार्गाच्या गटात, अगदी खाली होता. तापात त्याची जागा वर आहे, कारण अंगातलं पाणी कमी झालं, रक्तदाब खाली जाऊ लागला किंवा उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोत मूत्रपिंडाला मार बसला, तर ते बहुतेकदा तिथे दिसतं. ‘लघवी कमी होते का?’ असं विचारू नका. सगळे ‘नाही, होते की’ म्हणतात. ‘शेवटची कधी?’ विचारलं की माणसाला आठवावं लागतं आणि ‘सकाळी… नाही, पहाटेच झाली होती’ असं खरं उत्तर येतं.

मूळ संचात बहुधा ‘ही तातडीची स्थिती असल्यास फोन ठेवून अमुक नंबर लावा’ असं वाक्य असेल. त्याचं भाषांतर करून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. आपली स्थिती तातडीची आहे हे गावातला माणूस स्वतःहून म्हणत नाही. ते ठरवायला हे पाच प्रश्न आहेत.

दिवस मोजणं

‘ताप किती दिवसांपासून आहे?’ हा साधा प्रश्न सगळ्यात जास्त घोळ घालतो. काही जण आजचा दिवस धरतात, काही धरत नाहीत. अंग मोडून आलं तो दिवस काहींच्या हिशेबात नसतोच. त्यांच्या लेखी थर्मामीटर लावला किंवा अंथरूण धरलं तिथून ताप सुरू. डेंग्यूचा संशय असेल तर हा एका दिवसाचा फरकही डॉक्टरला महाग पडतो. एनएस-१ ही तपासणी साधारण पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, त्यानंतर आयजीएमकडे वळावं लागतं. आणि खरी जोखीम साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बहुतेकदा ताप उतरताना येते.

म्हणून आकडा न विचारता वार धरून मागे जा. ‘आज गुरुवार. काल कसं होतं? मंगळवारी कामाला गेला होतात का? सोमवारी अंग दुखत होतं का?’ जिथे ‘सोमवारी काहीच नव्हतं, चांगलं जेवलो’ असं उत्तर येतं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सिस्टरने मोजायचं आणि फॉर्मवर तारीख लिहायची. बाजाराचा वार, एकादशी, गावातलं लग्न, काय सापडेल ते धरा. ‘परवा’ मात्र नोंदीत जसाच्या तसा लिहू नका, तोही तारखेत बदला.

त्यानंतर तापाची जात. ‘थंडी वाजून येतो की नुसतं अंग गरम? रोज येतो की एक दिवस आड? उतरताना घाम सुटतो का?’ हे तीन सुटे प्रश्न आहेत, एकामागून एक विचारायचे. आकडा फॅरनहाइटमध्ये घ्या, घरोघरी ‘एकशे दोन ताप’ असंच बोलतात. मूळ संचात ३८ अंश सेल्सिअस ही मर्यादा असेल तर मराठी रकान्यात १००.४ लिहा. थर्मामीटर नसेल तर ‘नाही’ एवढंच नोंदवा, अंदाजाने आकडा पाडू नका. ‘कणकण’, ‘कसकस’ हे शब्द पेशंटने वापरले तर तेच नोंदीत येऊ द्या. बारीक ताप आणि अंग मोडून येणं हे त्यातून डॉक्टरला बरोबर कळतं.

दुखण्याला शून्य ते दहात मोजायला लावणारा प्रश्न असेल तर त्याच्या जोडीला कामाचा प्रश्न द्या: ‘दुखण्यामुळे रात्री झोप लागली का? विहिरीवर, नळावर जाऊन पाणी आणता आलं का?’ आकडा विचारलात तर निम्मे ‘दहा’ म्हणतील आणि उरलेले ‘तुम्हीच बघा आता’.

लक्षणं डोक्यापासून खाली

यानंतरचे लक्षणांचे प्रश्न डोक्यापासून पायापर्यंत उतरत न्या. पेशंटला रांग कळते, पुढे काय येणार याचा अंदाज येतो आणि विचारणारीलाही काही निसटत नाही. डोकं, डोळ्यांच्या मागे दुखणं, डोळे लाल, घसा, खोकला, पोट, कंबर, पोटऱ्या, अंगावर पुरळ.

दोन ठिकाणी जरा थांबायचं. एक, डोळे. ‘डोळे लाल आहेत का?’ याला लोक ‘हो, डोळे आलेत’ म्हणू शकतात. म्हणून लगेच ‘चिकट घाण येते का, पापण्या सकाळी चिकटतात का?’ विचारा. लेप्टोत डोळे लाल होतात पण पू येत नाही. दुसरं, पोटऱ्या. ‘स्नायुदुखी आहे का?’ या प्रश्नाला तापात कुणीही हो म्हणेल, त्यातून काही कळत नाही. ‘गुडघ्याखाली मागच्या बाजूला, पोटरीला दाबलं तर ओरडावंसं वाटतं का? चालताना तिथे दुखतं का?’ असं विचारलं की लेप्टोचं दुखणं बाकीच्या अंगदुखीतून वेगळं काढता येतं.

मध्येच पेशंट ‘पित्त झालंय’ म्हणेल. तिथे सिस्टरने पुढे सरकायचं नाही. उलटी, छातीत जळजळ, डोकं धरणं आणि अंगावर गांधी उठणं, चारही गोष्टींना आपण पित्तच म्हणतो. ‘म्हणजे नेमकं काय होतंय?’ एवढं विचारून तिने लक्षण लिहायचं.

शेत, पाणी, उंदीर

इंग्रजी संचात बहुधा एकच ओळ असते, ‘अलीकडे प्रवास केला आहे का?’ कोकणातल्या शेतकऱ्याला ती लागू नाही. तो कुठेही गेलेला नसतो, दिवसभर चिखलात उभा असतो. पावसाळ्यासाठी असे प्रश्न द्या: ‘गेल्या महिनाभरात भाताच्या शेतात, साचलेल्या पाण्यात अनवाणी काम केलंत का? तेव्हा हातापायाला जखम, चिखल्या होत्या का? घरात, गोठ्यात उंदीर आहेत का? घरात किंवा शेजारी आणखी कुणाला ताप आहे का?’ महिनाभर का, तर लेप्टो पाण्यातून अंगात गेल्यापासून ताप यायला दोन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कितीही लागू शकतात, बहुतेकदा पाच ते चौदा. ‘गेल्या आठवड्यात’ असं विचारलं तर लावणी संपवून घरी बसलेला माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल.

हे प्रश्न लक्षणांच्या नंतर ठेवा. आधी विचारले तर ‘लेप्टो झालाय का मला?’ असं घाबरून विचारतात आणि पुढची सगळी उत्तरं त्या भीतीतून येतात. आजाराचं नाव सिस्टरने तोंडातून काढायचंच नाही, हे संचात ठळक लिहा.

गोळ्या

चालू औषधांचा प्रश्न मूळ संचात असतो, पण त्याचं उत्तर ‘काही नाही’ येतं, कारण दुकानातून आणलेली तापाची गोळी कुणाच्या लेखी औषध नसते. दोन वेगळे प्रश्न करा. ‘बीपी, शुगर, दम्याची गोळी रोज चालू आहे का?’ आणि ‘या तापात दुकानातून, दवाखान्यातून, घरात होती म्हणून, कुठलीही गोळी घेतलीत का? सुई टोचलीत का?’ हो म्हणाले तर ‘पाकीट हातात घ्या, त्यावर मोठ्या अक्षरात काय आहे ते वाचा, नाहीतर अक्षरं सांगा’. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्याच्याकडे फोन द्यायला सांगा, ते पटकन वाचतं.

एवढा खटाटोप करायचं कारण आहे. अंगदुखीसाठी मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं, आणि डेंग्यूत या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन टाळायच्या असतात, रक्तस्रावाची भीती वाढते. पेशंटला ती सगळी ‘तापाची गोळी’च. अ‍ॅलर्जीचा प्रश्नही इथेच घ्या, गोळीचा विषय निघालेलाच असतो: ‘कुठल्या गोळीने, सुईने कधी अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, श्वास कोंडला, असं झालंय का?’

खासगी प्रश्न

पाळी, दिवस गेलेत का, दारू, आणि जांघेतली-काखेतली काळी खपली, हे सगळ्यात शेवटी. त्याआधी एक वाक्य: ‘फोन स्पीकरवर आहे का? असेल तर जरा बंद करून बाजूला याल का? मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही म्हटलंत तरी चालेल.’ सून सासूसमोर बोलत असेल तर हो-नाहीवर भागणारे प्रश्नच खरी उत्तरं आणतात. म्हणून ‘शेवटची पाळी कधी आली?’ याच्याऐवजी ‘पाळी चुकली आहे का?’ असं विचारा, तारीख नंतर एकांतात. खपलीचा प्रश्न स्क्रब टायफससाठी. तो माइट नावाच्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो आणि चाव्याच्या जागी काळी, न दुखणारी खपली धरते. ती बहुतेकदा कपड्याआड असते, म्हणून ‘आंघोळीच्या वेळी बघून सांगा’ असंही चालतं.

हो, हं आणि नाही ना

क्रमाइतकंच प्रश्नाच्या घडणीनेही उत्तर बदलतं. ‘उलटी, मळमळ, जुलाब वगैरे?’ याला ‘नाही’ आलं तर ते फक्त जुलाबाला असू शकतं. एका श्वासात एकच लक्षण विचारायचं. ‘श्वासाला त्रास नाही ना?’ असा प्रश्न लिहूच नका. ‘ना’ ऐकला की माणूस मान डोलावतो, मग काहीही होत असो. आणि फोनवर ‘हं’ म्हणजे ‘ऐकतोय’, ‘हो’ नव्हे. सिस्टरने ‘हं’ वर टिक करायची नाही, ‘होतंय म्हणजे, बरोबर?’ असं विचारून घ्यायचं. रेकॉर्डिंग ऐकताना मला सगळ्यात जास्त चुकीच्या नोंदी याच अक्षरावर सापडतात.

एक कॉल पुरा करून बघू

समजा सून फोन करते, सासूबाई पन्नाशीच्या, जुलैचा शेवट, लावणी उरकलेली.

‘काय होतंय सांगा.’
‘ताप होता हो त्यांना, काल उतरला. पण उठवतच नाही. काही खात नाहीत. पोटात दुखतंय म्हणतात.’
‘ओळखतात का तुम्हाला?’
‘ओळखतात. पण झोपूनच असतात.’
‘धाप लागते?’
‘नाही.’
‘पाणी टिकतं पोटात?’
‘सकाळपासून चारदा उलटी झाली.’
‘शेवटची लघवी कधी झाली?’
‘थांबा, विचारते… रात्री म्हणतात. त्यानंतर नाही.’

दुपारचे दोन वाजलेत. सिस्टरने इथेच थांबायचं. रक्ताचा प्रश्न विचारायचा, उत्तर काहीही येवो, आणि डॉक्टरला जोडायचं. सांगताना तिचं वाक्यही संचात तयार हवं: ‘पन्नास वर्षांच्या बाई, ताप काल उतरला, सुस्त आहेत, पोटात दुखतंय, सकाळपासून चार उलट्या, रात्रीपासून लघवी नाही, धाप नाही.’ पोटात दुखणं, सारख्या उलट्या आणि सुस्ती ही डेंग्यूत धोक्याची लक्षणं मानली जातात, आणि लघवी थांबणं डेंग्यू असो की लेप्टो, दोन्हीत घाबरवणारं आहे. कोणता आजार ते फोनवर ठरत नाही आणि ठरवायची गरजही नाही. डॉक्टर १०८ बोलावतील. वार मोजणं, शेत, गोळी हे गाडी येईपर्यंत सुनेला विचारता येतं. मूळ क्रमाने गेलो असतो तर ‘ताप आहे का? नाही’ इथे कॉल सौम्य ठरला असता आणि लघवीपर्यंत पोचायला बराच वेळ गेला असता.

सौम्य कॉलचा शेवटही याच भीतीवर बेतलेला असू द्या. ‘ताप उतरला की संपलं असं समजू नका. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, रक्त आलं, झोपूनच राहिलात किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर वाट न बघता दवाखाना गाठा.’ मग ‘आता मला सांगा, काय झालं तर निघायचं?’ आणि त्यांच्या तोंडून ऐका. डॉक्टर फक्त आवाजावरून बोलत असतील तर पहिल्या वेळी ते पॅरासिटामॉल, ओआरएस असल्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांपलीकडे फारसं देऊ शकत नाहीत. त्याच २०२० च्या तत्त्वांत बरीचशी बाकी औषधं पहिल्या भेटीत व्हिडिओ असेल तरच लिहिता येतात. ‘डॉक्टर कदाचित व्हिडिओवर यायला सांगतील’ हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘नुसती तापाची गोळी दिली’ म्हणून लोक नाराज होतात.

तपासून कसं घ्यायचं

मराठीचं परत इंग्रजी करून ताडून बघतात, ते करा, पण त्यातून फक्त अर्थ सुटलाय का कळतं. लोकांना कळतंय का, हे कळत नाही. गावातल्या चार-पाच जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. मग परवानगी घेऊन काही कॉल ऐका. ‘म्हणजे?’ कुठे येतं, लांब शांतता कुठे पडते, पेशंट आधीच्याच प्रश्नाचं उत्तर कुठे देत बसतो, ते टिपा. आणि सिस्टर कागदावरचा प्रश्न सोडून आपल्या शब्दांत कुठे विचारते तेही बघा. एकच प्रश्न ती दर वेळी एकाच पद्धतीने बदलत असेल तर तिचं वाक्य उचला, डॉक्टरांना दाखवा आणि कागदावर घाला.

संचावर महिना लिहायला विसरू नका. पावसाळी संच जानेवारीत चालणार नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सीमेवरच्या गावांत जानेवारीपासून मेपर्यंत माकडतापाचा हंगाम असतो आणि तो काजूच्या बागेत, जंगलात जाणाऱ्यांना गाठतो. तेव्हा भातशेतीच्या प्रश्नांच्या जागी हे घ्या: ‘काजू वेचायला, लाकडं-पाला आणायला रानात गेला होतात का? अंगावर गोचीड सापडली का? आजूबाजूला माकड मेलेलं कुणी बघितलं का?’ क्रमांक तोच, प्रवासाच्या प्रश्नाचा.